ऑनर्स विथ रिसर्चचं स्टेटमेंट

"चौथ्या वर्षाला ऑनर्स विथ रिसर्च घ्यायचंय, स्टेटमेंटमध्ये 'स्वतंत्र काम जमेल' हे कसं दाखवू?"

यूजीसीच्या नियमात पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के लागतात, म्हणजे अर्ज करणाऱ्या सगळ्यांकडे मार्क असतातच, त्यावर परिच्छेद घालवू नकोस. रिसर्च प्रोजेक्ट १२ क्रेडिटचा असतो आणि गाइडला एवढंच बघायचं असतं की काम अडकलं तर हा पोरगा काय करेल. म्हणून अडकलेला एकच प्रसंग नीट सांग.

माझा टीवायचा प्रोजेक्ट विहिरीच्या पाण्यातल्या नायट्रेटवर होता, एकाच बाटलीचं आज एक रीडिंग आणि दोन दिवसांनी कमी, मशीन बिघडलंय असंच वाटलं, पण नायट्रेटचं प्रमाण आधीच माहीत असलेलं स्टँडर्ड द्रावण लावलं तर त्याचं रीडिंग बरोबर आलं, मग कळलं की बाटल्या बाहेर टेबलावर राहिल्या आणि बॅक्टेरिया नायट्रेट खातायत. पुढचे सगळे नमुने बर्फात आणले, दुसऱ्या दिवसाच्या आत तपासले आणि जुनी रीडिंग्ज काढून टाकली. स्टेटमेंटमध्ये हेच लिहिलं, मुलाखतीत प्रश्नही यावरच आले.

शेवटी पुढचा प्रश्न लिही, पण एका वर्षात मावेल असा. 'जिल्ह्यातलं भूजल प्रदूषण' नको, 'एका गावातल्या दहा विहिरी, पावसाआधी आणि नंतर' चालेल. आणि त्यात नमुने मेमध्येच घ्यावे लागतील, जूनमध्ये प्रवेश झाल्यावर उशीर होतो, तेही लिही.