मदत हवी आहे: सर्पदंशाच्या कामाबद्दल पत्रकारांना पाठवायचा मेल कसा बदलू?

कातळफूल

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्यात आमचा छोटा गट सर्पदंशावर काम करतो. मे महिन्यात वाडीवाडीवर जाऊन आशाताईंना आणि लावणीला जाणाऱ्या बायकांना साप चावल्यावर काय करायचं, काय नाही ते सांगतो. लावणी सुरू व्हायच्या आत हे पेपरात यावं म्हणून जिल्ह्यातल्या पत्रकारांना मेल पाठवला. कुणाचंच उत्तर नाही. सुरुवात अशी आहे:

> विषय: प्रसिद्धीसाठी
>
> मा. संपादक महोदय, स. न. वि. वि.
> आमची संस्था गेली अनेक वर्षे आरोग्य, पर्यावरण व महिला सक्षमीकरण क्षेत्रात निःस्वार्थपणे कार्यरत आहे. संस्थेचे अध्यक्ष यांच्या मार्गदर्शनाखाली यंदाही सर्पदंश जनजागृती अभियान राबविण्यात येत आहे. तरी आपल्या लोकप्रिय दैनिकात योग्य ती प्रसिद्धी द्यावी, ही नम्र विनंती.

आमच्याकडे एक वही आहे. दंश कधी झाला, आधी कुठे नेलं, दवाखान्यात कधी पोचले, एवढं त्यात लिहिलेलं असतं. बरेच जण आधी मांत्रिकाकडे जातात आणि तिथेच वेळ जातो. मेलमध्ये हे पाचव्या परिच्छेदात आलंय. ते वर कसं आणू?

वाचनालयवाले

ताई, आम्ही वाचनालयाच्या व्याख्यानमालेला दरवर्षी अगदी असाच मेल पाठवतो आणि दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा छापून येतो. भाषा ठीक आहे. पाहुण्यांची नावं आणि वेळ ठळक करा.

जुना उपसंपादक

वाचनालयवाले, तुमची कार्यक्रमाची सूचना असते. ती 'आजचे कार्यक्रम'मध्ये जाते, तिथे नाव, जागा, वेळ पुरते. कातळफूल यांना मात्र वार्ताहराने स्वतः येऊन बातमी लिहायला हवी आहे. त्याला दोनच गोष्टी आधी कळायला हव्यात: नवीन काय, आणि ते याच आठवड्यात का छापायचं.

जिल्हा कार्यालयात सकाळी मेल उघडतात ते बहुतेक मोबाइलवर. तिथे विषय आणि मजकुराची पहिली ओळ, एवढंच दिसतं. तुमच्या मेलच्या त्या दोन जागी 'प्रसिद्धीसाठी' आणि 'मा. संपादक महोदय' आहे. वही कुणाला दिसलीच नसणार.

संस्थेची ओळख शेवटी एका वाक्यात न्या आणि वही वर आणा. आधी एक सांगा, आकडे मोजलेत का?

श्रावणसर

माझं मत, नागपंचमीपर्यंत थांबा. त्या आठवड्यात सापांवरचं काहीही छापून येतं.

जुना उपसंपादक

जागा मिळते हे खरं. पण श्रावण उजाडेपर्यंत कोकणातली लावणी उरकत आलेली असते. शिवाय त्या आठवड्यात प्रत्येक सर्पमित्र मंडळाचा मेल येतो, आणि बातमी होते ती नागाच्या पूजेची. इथे माणसं धोक्यात असतात ती तरवा काढताना आणि बांधावरून जाताना. म्हणून मेल लावणीच्या दहा-बारा दिवस आधी जायला हवा. वार्ताहराला एखाद्या वाडीवर जाऊन यायला तेवढा वेळ लागतो. १९ सप्टेंबरच्या जागतिक सर्पदंश जागृती दिनाचंही तेच, तोवर फार उशीर होतो.

कातळफूल

मोजले. गेल्या दोन पावसाळ्यांतल्या नोंदींत निम्म्याहून जास्त जण आधी दुसरीकडे गेलेत. नवा मसुदा:

> विषय: सर्पदंश: राष्ट्रीय कृती आराखडा आणि आपला तालुका
>
> सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. या पार्श्वभूमीवर आमच्या तालुक्यात…

जुना उपसंपादक

आराखडा खरा आहे, पण तो जाहीर होऊन गेला. आजच का छापायचं, याचं उत्तर त्यात नाही. त्याला तिसऱ्या परिच्छेदात एक वाक्य पुरे. असं करून बघा:

> विषय: लावणी तोंडावर, साप चावलेले निम्म्याहून जास्त आधी मांत्रिकाकडे: तालुक्यातली वही
>
> येत्या दोन आठवड्यांत तालुक्यात लावणी सुरू होईल. गेल्या दोन पावसाळ्यांत आमच्याकडे नोंद झालेल्या (इथे आकडा) सर्पदंशांपैकी (इथे आकडा) जण दवाखान्याआधी मांत्रिकाकडे गेले. प्रतिविष सरकारी रुग्णालयात मोफत मिळतं, तरी तिथवर पोचायला त्यांना किती तास लागले ते या वहीत आहे.
>
> वही पाहता येईल. दंशातून वाचलेल्या एक ताई नावानिशी बोलायला तयार आहेत. येत्या मंगळवारी तरव्यावरच प्रशिक्षण आहे, आपण येऊ शकाल का?

'निम्म्याहून जास्त' फक्त विषयात चालेल, आत नेमका आकडाच द्या. आणि 'तालुक्यातले सर्पदंश' असं लिहू नका, 'आमच्याकडे नोंद झालेले' लिहा. तुमच्यापर्यंत न आलेले किती, हे तुमच्या वहीत नाही. वार्ताहर तोच प्रश्न आधी विचारेल.

पीएचसी डॉक्टर

मला एक खटकतंय. 'आधी मांत्रिकाकडे' आणि 'दुसरीकडे' यांत फरक आहे. आमच्याकडे येणारे काही जण आधी खासगी डॉक्टरकडे गेलेले असतात, काहींना गाडीच मिळत नाही. कातळफूल, तुमच्या 'दुसरीकडे'त हे सगळे आहेत का?

शक्य असेल तर सापाचं नावही लिहा. आपलं बहुगुणी प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांवर चालतं, आणि कोकणात फुरशाचे दंश खूप. फुरसं चावल्यावर रक्त गोठेनासं होतं, पण ते लगेच दिसत नाही. म्हणून घरचे 'बरा आहे' म्हणतात आणि मांत्रिकाचा गुण आला असं वाटतं. उशीर का होतो, हे वार्ताहराला इथे कळेल.

कातळफूल

डॉक्टर, बरं झालं विचारलंत. वेगळं मोजलं तर फक्त मांत्रिकाकडे गेलेले निम्म्याहून थोडे कमी भरतात. बाकीचे खासगी डॉक्टर आणि गाडीची वाट बघणारे. विषय 'साप चावल्यावर दवाखान्यात उशिरा का पोचतात: तालुक्यातली वही, लावणीच्या तोंडावर' असा करू का? आणि फुरशाचं वाक्य दुसऱ्या परिच्छेदात घेते.

जुना उपसंपादक

'लावणीच्या तोंडावर' पुढे घ्या, मोबाइलवर शेवट कापला जातो. बाकी विषय आधीपेक्षा चांगला आहे, मांत्रिकावर ठपका ठेवून मोकळं होता येत नाही.

मजकूर मेलमध्येच आणि युनिकोडमध्ये टाका. संस्थेच्या लेटरहेडवर जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पीडीएफ कॉपी केली की नुसती अक्षरांची खिचडी येते, आणि ती परत टाइप करायला कुणी बसत नाही. फोटो आडवे, मूळ आकाराचे, व्हॉट्सॲपवरून फिरून आलेले नकोत. सगळ्या पत्रकारांचे पत्ते एकाच 'टू'मध्येही नकोत. फोन एकदाच करा, सकाळी अकरा ते एकमध्ये. संध्याकाळी पानं लागत असतात.

गावकरी वार्ताहर

मी तालुक्याचा वार्ताहर आहे, दुसऱ्या जिल्ह्यात. खरं सांगू का, मेल मी दोन दिवसांनी बघतो. याच चार ओळी व्हॉट्सॲपवर आल्या तर लगेच वाचतो. आणि ही बातमी आधी एकालाच द्या. सगळ्यांना एकदम दिली की कुणीच वाडीवर जात नाही, सगळे मेलच छापतात.

जुना उपसंपादक

व्हॉट्सॲपचं मान्य. एकालाच देणं मात्र लहान जिल्ह्यात महागात पडतं. बाकीचे वर्षभर लक्षात ठेवतात.

कातळफूल

काल चार ओळी एका वार्ताहराला पाठवल्या, आज त्यांचा फोन आला. मंगळवारी येतायत. त्यांनी दोन गोष्टी विचारल्या: त्या ताईंचा फोटो चालेल का, आणि आपल्या पीएचसीत प्रतिविषाच्या किती कुप्या आहेत. ताईंना विचारते. कुप्यांचं मी सांगावं का?

पीएचसी डॉक्टर

तुम्ही सांगू नका. वैद्यकीय अधिकाऱ्यांचा नंबर द्या आणि त्यांना आजच कळवून ठेवा की असा फोन येणार आहे. साठा रोज बदलतो.