प्रतिसाद: फवारणीनंतर भट्टी कधी पेटवावी

“खानावळीच्या स्वयंपाकघरात रात्री कीटकनाशकाची फवारणी करून घेतली, तर सकाळी लगेच भट्टी पेटवता येईल का?”

औषध पूर्ण वाळले, पंखे लावून वास गेला आणि ओटे साबणाने धुऊन झाले, तरच पेटवावी. किमान अवधी मात्र औषधाच्या वेष्टनावर दिलेलाच पाळावा. पीठ, मसाले आणि भांडी झाकण्यापेक्षा बाहेर काढलेली बरी, कारण प्लॅस्टिकच्या फटीतून तुषार आत जातात.

झुरळांसाठी मी फवारणीऐवजी जेल, म्हणजे झुरळे खाऊन मरतात असे विषारी आमिष, सुचवेन. जळगावच्या आमच्या खानावळीत फ्रिजच्या रबराजवळ आणि मिक्सरखाली फिप्रोनिलच्या जेलचे बारीक ठिपके लावले होते. आठवड्याने कामगाराने त्यांच्यावरच डेल्टामेथ्रिन फवारले. त्यानंतर ठिपके न खाल्लेले, तसेच सुकलेले दिसले आणि झुरळे शेवभाजीच्या मसाल्याच्या फळीकडे सरकली. डेल्टामेथ्रिनच्या गटातील औषधे झुरळांना दूर पळवतात, म्हणून झुरळे आमिषाजवळ फिरकत नाहीत. त्या जागा साबणाने धुऊन, कोरड्या करून नवे ठिपके लावल्यावरच फरक पडला. जेल अन्न आणि भांड्यांपासून दूर फटीत लावले, तर स्वयंपाकघर दिवसभर बंद ठेवावे लागत नाही. मात्र अंडकोशातून नंतर पिल्ले निघतात, म्हणून जेल लावणाऱ्याची दुसरी भेट ठरवूनच घ्यावी.