तरोटा की कासविंदा?

"मोबाईलवरच्या फोटोशी पानं जुळली तर तरोटा ही रानभाजी खुडायला हरकत आहे का?"

हो, आहे. नागपुरात पहिल्या पावसानंतर मोकळ्या प्लॉटांवर तरोट्याशेजारीच कासविंदाही उगवतो आणि त्याच्या शेंगांतल्या बिया विषारी असतात. त्या खाऊन उत्तर प्रदेशात लहान मुलं दगावली आहेत. तरोट्याच्या पानाला पानोळ्यांच्या, म्हणजे एकाच देठावरच्या छोट्या पानांच्या, बहुधा तीनच जोड्या असतात, टोकं गोलसर. कासविंद्याला चार-पाच जोड्या, टोकं निमुळती. पण कोवळ्या रोपांची पानं पुरती उघडलेली नसतात, तिथे ही मोजणी फसते. मग देठावरची बारीक गाठ बघा: तरोट्यात ती खालच्या पानोळ्यांच्या जोडीमध्ये असते, कासविंद्यात देठाच्या अगदी बुडाशी. वरून काढलेल्या फोटोत ही गाठ दिसतच नाही. पहिल्यांदा खुडताना जाणत्या भाजीवालीला सोबत न्या. शंका आली तर ते रोप सोडून द्या.