प्रतिसाद: चाळीस पानं ठरली, अठ्ठावीसच उठली

"पानाला दीडशे सांगितले होते. चाळीस ठरली, जेवायला आले अठ्ठावीस. यजमान अठ्ठावीसचेच देतो म्हणतात."

चाळीसचेच घ्या, ताई. हिशोब बघा. किराणा, भाजी, गॅस मिळून पानामागे ८५ धरले तर ३४०० आधीच खर्च झाले. दोन मदतनीस बायकांचे ६०० प्रमाणे १२००, रिक्षाचे ३००. एकूण ४९००. अठ्ठावीसचे ४२०० हातात आले, म्हणजे दिवसभर राबून पदरचे ७०० घातले. बायकांची मजुरी पानं कमी झाली म्हणून कमी होत नाही, तिथेच सगळे अडकतात.

मी सांगलीत बारशी, डोहाळजेवणं करते. आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला यजमानांकडून आकडा व्हॉट्सॲपवर लिहून घेते. तोच बिलाचा आकडा. भात मात्र एकदम टाकत नाही. चाळीस पानांना साडेतीन किलो तांदूळ लागतो, त्यातला अडीच किलोचा मसालेभात आधी. पहिली पंगत बसली की माणसं मोजायची, मग उरलेल्या किलोचं ठरवायचं. न शिजलेला तांदूळ परत डब्यात जातो. पुऱ्यांचंही तसंच, किलोभर कणीक कोरडीच ठेवायची.

उरलेलं अन्न यजमानांचं. त्यांच्याच पातेल्यात काढून, त्यांच्या समोर देते. एकदा मदतनीस बाईने न विचारता डबा भरला आणि तेवढ्यावरून पुढची ऑर्डर गेली. आता तिचा डबा मी ठरवतानाच बोलून घेते.