अंगणातला चाफा आणि संध्याकाळचा उजेड

«क्लबहाऊसच्या अंगणाच्या संध्याकाळच्या संगणकीय चित्रात चाफा पूर्ण वाढलेला दाखवावा का?»

जरूर दाखवावा, पण त्याच कोनातून दुसरे चित्र पानगळीचे काढून घ्यावे, कारण चाफा हिवाळ्यात पाने टाकतो आणि एरवी पानांवर अडणारा खालच्या दिव्याचा उजेड तेव्हा उघड्या फांद्यांमधून थेट वरच्या खिडक्यांत जातो. रत्नागिरीतल्या आमच्या सोसायटीत नेमके हेच झाले. भरगच्च पानांचे चित्र पाहून सभेत सगळ्यांनी माना डोलावल्या आणि जानेवारीत दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी पडदे लावून घेतले. शेवटी दिवा बुंध्याजवळ सरकवला आणि वर झापड बसवून २७०० केल्विनचा, म्हणजे पिवळसर, अरुंद झोत खोडावरच ठेवला. चित्र करताना दिवा बनवणाऱ्याकडची, दिव्याचा उजेड कोणत्या दिशेला किती पडतो ते नोंदवणारी आयईएस फाइल वापरली असती, तर झोत कुठवर जातो ते आधीच दिसले असते. चित्रात दिव्याच्या जागी नुसता पिवळा गोळा ठेवला, की कोणतेही अंगण देखणेच दिसते.