मदत हवी आहे: फीडबॅक फॉर्मवरून प्रशिक्षकांसाठी एक पानी अहवाल कसा लिहू?

काजवा:
नमस्कार. आमच्याकडे स्प्रेडशीटचं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. 28 जण होते, 22 फॉर्म परत आले. 5 पैकी गुण द्यायचे पाच प्रश्न होते. सरासरी अशी: विषय 4.5, प्रशिक्षक 4.6, टिपणं 4.3, सराव 4.0 आणि "शिकवण्याचा वेग योग्य होता" 3.4. खाली मोकळ्या अभिप्रायासाठी जागा.

मी लिहिलं, "एकूण सरासरी 4.2. वेगाकडे लक्ष द्यावे." प्रशिक्षकांनी वाचून शांतपणे विचारलं, "म्हणजे पुढच्या वेळी मी नक्की काय बदलू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढची तुकडी तीन आठवड्यांवर आली आहे. ते मनापासून शिकवतात, त्यामुळे त्यांच्या हाती उपयोगी काहीतरी द्यायचं आहे.

रानवाट:
28 पैकी 22 म्हणजे चांगलंच की! आमचे फॉर्म निम्मेही येत नाहीत. आता आम्ही शेवटच्या सत्राआधीच भरून घेतो.

काजवा:
धन्यवाद, पण माझी अडचण आलेल्या फॉर्मांचं काय करायचं ही आहे.

पाणवठा:
एकूण सरासरी आधी काढून टाका. टिपणं आणि वेग यांची बेरीज करून कुणालाच काही कळत नाही. वेगाच्या प्रश्नाला 5, 4, 3, 2, 1 किती जणांनी दिले ते मोजून इथे टाका. गुण C रकान्यात असतील तर:

```
=COUNTIF(C2:C23,5)
```

काजवा:
5 देणारे 8, 4 देणारे 4, 3 देणारा 1, 2 देणारे 6, 1 देणारे 3.

दगडीपूल:
सरासरीऐवजी मध्यक घ्या. टोकाच्या गुणांचा त्रास होत नाही.

पाणवठा:
दगडीपूल, एरवी मीही मध्यक घेतो, पण इथे तो 4 येतो आणि नाराज असलेले नऊ जण दिसेनासेच होतात. इथे गट दोन आहेत: बारा जण खूश, नऊ जण नाखूश, मध्ये एकच. 3.4 वाचून वाटतं सगळ्यांनाच थोडं खटकलं, तसं झालेलं नाही.

दुसरी खोट प्रश्नातच आहे. "वेग योग्य होता" याला 2 दिले, तर फार भरभर वाटलं की फार रेंगाळलं? गुण ते सांगत नाहीत. म्हणून वेगाच्या गुणांनुसार ओळी लावा आणि त्या नऊ जणांचे अभिप्राय सलग वाचा. प्रत्येकापुढे एक-दोन शब्दांची खूण करा: "भरभर", "संथ", आणि कुठल्या सत्राबद्दल ते.

काजवा:
वाचले. नऊपैकी सात जणांनी लिहिलंय. पाच जणांना दुसऱ्या दिवशी दुपारी पिव्होट टेबल भरभर वाटलं. एकाने लिहिलंय, "सर पुढच्या पायरीवर गेले तेव्हा माझी यादीच निवडून झाली नव्हती." उरलेल्या दोघांना पहिली सकाळ संथ वाटली, त्यांना बेरीज-सरासरी आधीच येत होती. मी सरसकट "वेग कमी करा" सांगणार होते!

पाणवठा:
तेच टळलं. आता अहवाल असा लिहा:

"28 पैकी 22 जणांनी फॉर्म भरले. विषय आणि शिकवण्याबद्दल समाधान स्पष्ट आहे, ते तसंच ठेवावं. वेगाबाबत 9 जण असमाधानी. त्यांतल्या 5 जणांना पिव्होट टेबलचं सत्र भरभर वाटलं, 2 जणांना पहिली सकाळ संथ वाटली, 2 जणांनी कारण लिहिलेलं नाही. सुचवणी: पहिल्या सकाळची उजळणी अर्ध्या तासाने कमी करून तो वेळ पिव्होट टेबलला द्यावा, आणि प्रत्येक पायरीनंतर सगळ्यांच्या पडद्यावर तेच दिसतंय का ते पाहून पुढे जावं."

खाली ते यादीवालं वाक्य जसंच्या तसं द्या. कुठे थांबायचं ते प्रशिक्षकांना त्यावरून नेमकं कळेल. पुढच्या फॉर्ममध्ये "फार संथ / योग्य / फार भरभर" असे पर्याय ठेवा आणि सत्रवार विचारा.

दगडीपूल:
मध्यकाचं पटलं. पण उजळणी कमी केली तर नवख्यांचं काय? ज्यांना पहिली सकाळ बरी वाटली, ते त्याबद्दल कशाला लिहितील?

पाणवठा:
मुद्दा बरोबर आहे. दोघांच्या शब्दावर अर्धा तास कापणं धाडसाचंच आहे. नाव नोंदवतानाच "सूत्रं वापरता का?" असं विचारलं, तर तुकडी पाहून ठरवता येईल. तोवर अहवालात "कमी करता येईल का ते पाहावं" इतकंच लिहा.

काजवा:
तसं करते. एक शंका आहे. एका अभिप्रायात "आमच्या विभागातून मी एकटीच होते" असं आहे. तिचा मुद्दा चांगला आहे, पण वाक्य दिलं तर ती लगेच ओळखू येईल.

पाणवठा:
मग वाक्य देऊ नका, मुद्दा तुमच्या शब्दांत लिहा.

रानवाट:
मी तर तिला विचारून तिचेच शब्द दिले असते.

काजवा:
फॉर्मवर नाव नाही. विचारायला गेले तर मी तिला ओळखलं हे तिला कळणारच. अजून ठरत नाहीये.