हत्यारं कुलपात गेली तेव्हा : तुमचेही अनुभव लिहा

जुनी_खतावणी
कपाट आवरताना मीच लिहिलेल्या एका मेमोची कार्बन कॉपी हाती लागली आणि सगळं डोळ्यांसमोर आलं. तेव्हा मी मशीन शॉपच्या स्टोअरला होतो. हत्यारं उघड्या रॅकवर असायची. ज्याला जे लागेल ते त्याने न्यावं, काम झालं की आणून ठेवावं, अशी पद्धत. मेमोतला मुख्य भाग तसाच उतरवतो:

"गेल्या तीन महिन्यांच्या मोजणीत १९ हत्यारे जागेवर आढळली नाहीत. त्यांत दोन मायक्रोमीटर व एक टॉर्क रेंच आहे. ती कोणी नेली याची कोठेही नोंद नसल्याने कोणावरही आरोप करता येत नाही व कोणाला निर्दोषही म्हणता येत नाही. तरी सामायिक हत्यारांसाठी वरून बंद असलेला जाळीचा कुलूपबंद पिंजरा व अनुक्रमांक छापलेल्या इश्यू स्लिपची पुस्तके मंजूर व्हावीत."

पहिल्या मसुद्यात मी 'चोरीला गेली' असं लिहिलं होतं. मोठ्या साहेबांनी तेवढे शब्द खोडायला लावले, आणि त्यांचं बरोबर होतं. पिंजरा तयार होईपर्यंत स्टोअरच्या दाराशी आठवडाभर एक पेटी ठेवली. जे असेल ते आणून टाका, कोणी काही विचारणार नाही, असं सांगितलं. आठ हत्यारं त्या पेटीत आली. चार बदली झालेल्या माणसांच्या लॉकरमध्ये निघाली. तीन मोडली होती आणि बोलणी बसतील या भीतीने भंगारात टाकली होती, हे नंतर त्या मुलांनी स्वतःच सांगितलं. शेवटपर्यंत सापडली नाहीत ती फक्त चार. १९ हत्यारं चोरीला गेली असं छापील मेमोत गेलं असतं, तर त्या मुलांच्या डोळ्याला डोळा भिडवता आला नसता मला.

तुमच्याकडे काय झालं ते लिहा.

पानावाला
आमच्या पिंजऱ्याला छप्पर नव्हतं!! बाजूच्या रॅकवर पाय ठेवला की सरळ आत. दोन महिन्यांनी लक्षात आलं. कडी बाहेरून स्क्रूने बसवलेली, म्हणजे कुलूप न तोडताच कडी काढता यायची. काका, तुमच्या मेमोत 'वरून बंद' वाचलं तेव्हाच कळलं की माणूस जाणकार आहे.

रात्रपाळी
दिवसा सगळं छान चालतं हो. रात्री दोनला टॅप मोडला की काय करायचं? स्टोअरकीपर घरी, किल्ली त्याच्याकडे. आम्ही तासभर मशीन बंद ठेवून बसलोय. शेवटी जाळी वाकवून हात घातला आणि दुसऱ्या दिवशी मेमो आमच्यावरच. अजून राग येतो.

जुनी_खतावणी
@रात्रपाळी, तुमचा राग रास्त आहे, हे आमच्याकडेही झालं. मग जादा किल्ली लाखेने सील केलेल्या पाकिटात घालून शिफ्टच्या फोरमनकडे दिली. सील तोडलं तर कारण, वेळ आणि काय काढलं ते वहीत लिहायचं. सकाळी मी वहीप्रमाणे मोजून पुन्हा सील करायचो.

ट्रेनी_मी
मला एक कळत नाही. स्लिप लिहून घेतली तरी हत्यार हरवायचं ते हरवतंच ना? ढीगभर कागद कोण बघतं?

मापाची_ताई
@ट्रेनी_मी, स्लिप फायलीत गेली तर कोणीच बघत नाही, हे खरंय. ती टांगायची. पाठीमागच्या फळीवर प्रत्येक हत्याराचा आकार रंगवून घ्यायचा. मायक्रोमीटर दिला की त्याच्या रिकाम्या आकारावरच्या खिळ्याला स्लिप अडकवायची, परत आला की स्लिप काढायची. शिफ्ट संपताना फळीकडे एक नजर टाकली की झालं. आकार रिकामा आणि खिळ्यालाही काही नाही, तर गडबड आज झालीय. माणसं अजून गेटच्या आत असतात, शोधायला सोपं जातं. महिन्याने मोजलं तर कोणाला काय आठवणार?

आणि दुसरं, माझ्या जिवाभावाचं. हत्यार परत घेताना तपासा! ०–२५ चा मायक्रोमीटर असेल तर तोंड पुसायचं, हलकेच बंद करायचं, शून्य जुळतंय का बघायचं. अर्ध्या मिनिटाचं काम. आमच्याकडे एक पडला होता आणि तसाच गुपचूप जागेवर गेला होता. त्यावर मापलेला सगळा लॉट मला पुन्हा मापावा लागला. हरवलेलं हत्यार निदान कळतं तरी. पडलेलं कळत नाही.

पानावाला
टॉर्क रेंच परत देताना सेटिंग खाली आणायचं हेही लिहा ताई. स्प्रिंग दाबलेली तशीच राहते, कोणी लक्ष देत नाही. पण त्यावरच्या सगळ्यात कमी आकड्याच्याही खाली फिरवू नका रे बाबांनो.

हिशेबनीस
सोपा उपाय सांगतो, हरवलं तर पगारातून कापा. एकदा कापलं की सगळे सरळ होतात.

फिटर_दादा
@हिशेबनीस, कापायचं तर आधी हत्यार त्याच माणसाच्या हाती दिल्याचा पुरावा हवा, त्याचं म्हणणं ऐकायला हवं. स्लिपवर सही असेल तर एवढं तरी सांगता येतं. पण कापाकापी सुरू झाली की मोडलेलं कोणी दाखवतच नाही. वर काकांनी लिहिलेली ती भंगारातली तीन हत्यारं बघा.

आमच्याकडे मोडकं द्या, नवं घ्या असं होतं. ड्रिल मोडला की तुकडे आणायचे, प्रश्न नाही. तुकडे नसतील तर मात्र फोरमनची सही. एम ८ च्या टॅपसाठी ६.८ चा ड्रिल लागतो, तो कायम संपलेला. शोधल्यावर कळलं की प्रत्येकाच्या खणात दोन-तीन लपवलेले! कोणी चोर नव्हता, उद्या मिळणार नाही ही धास्ती होती सगळ्यांना.

आईची_घाई
थोडं विषयाबाहेर होईल. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतही कपाटाला कुलूप आलं, तेव्हापासून मुलं भिंगच मागत नाहीत, बाईंना विचारायला लाजतात. वस्तू सुरक्षित, पण वापर शून्य. तुमच्याकडेही असं होतं का? (गॅसवर दूध आहे, येते.)

फिटर_दादा
@आईची_घाई, होतं ना ताई. शिफ्टच्या सुरुवातीला खिडकीवर वीस माणसांची रांग. तिला कंटाळून माणूस स्वतःकडेच दडवायला लागतो. म्हणून रोजचे पाने, पक्कड, हातोडी प्रत्येकाच्या पेटीत कायमची द्यायची, यादीवर एकदाच सही, सहा महिन्यांनी पेटी उघडून मोजायची. पिंजऱ्यात ठेवायचं ते सामायिक आणि मापाचं. रांग निम्म्याहून कमी झाली.

हँगरमधून
आमच्याकडे विमानांचं काम. हत्यारांची मोजणी जुळली नाही तर विमान सोडत नाहीत. एक छोटा सॉकेट, आणि आम्ही रात्रभर पॅनेल उघडून शोधत होतो. शेवटी मिळाला तो एकाच्या ओव्हरऑलच्या खिशात. तो मुलगा रडायला लागला होता. कोणी ओरडलं नाही त्याच्यावर. सापडला म्हणजे विमानात नाही, एवढंच सगळ्यांच्या मनात.

मापाची_ताई
@हँगरमधून, वाचूनच धस्स झालं. खिसे तपासायचा नियम आहे का आता?

रात्रपाळी
@जुनी_खतावणी काका, सीलबंद किल्लीचं फोरमनला बोललो. तो म्हणतो, माझ्या शिफ्टला काही गेलं तर वहीत माझंच नाव दिसणार, मी किल्ली घेणार नाही. आता याला काय सांगू?

जुनी_खतावणी
आमचाही फोरमन आधी हेच म्हणाला होता. मग पाळी बदलताना दोघांनी मिळून फळी बघून सही करायची असं ठरवलं, तेव्हा तयार झाला. तुमच्याकडे आधीच्या पाळीचा माणूस पाच मिनिटं थांबायला तयार होईल का? त्याच्यावर सगळं अडेल.

रात्रपाळी
तो तर हूटर व्हायच्या आधीच गेटवर असतो. विचारून बघतो.